‘तासभराचा’ यूपीएस दहा मिनिटांत मान का टाकतो: कॉम्प्युटर आणि राउटरसाठी बॅकअपचा हिशेब

घरून काम करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या माणसांकडून एकच तक्रार वर्षानुवर्षे ऐकतो आहे. यूपीएस नवा आहे, खोक्यावर तासभर लिहिलं होतं आणि वीज गेल्यावर दहा मिनिटांत सगळं अंधारात. दर वेळी जाऊन बघतो तेव्हा यूपीएस बहुतेक वेळा ठणठणीत असतो. चूक असते ती तो निवडतानाच्या हिशेबात किंवा त्याला काय काय जोडलं आहे त्यात. म्हणून तपासण्या मी नेहमी ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. पहिल्या दोन-तीन फुकट आहेत आणि निम्म्याहून जास्त घरांत तिथेच उत्तर सापडतं.

आधी लक्षण नीट ओळखा

‘बॅकअप मिळत नाही’ या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात.

- वीज जाताच कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर सगळंच एकदम बंद पडतं. बॅटरी मेलेली आहे, लोड झेपत नाही किंवा प्लग चुकीच्या सॉकेटमध्ये आहे.
- राउटर आणि मॉनिटर चालू राहतात, पण कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. इथे बॅटरीचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त.
- सगळं चालतं, पण अपेक्षेपेक्षा फार कमी वेळ. हा हिशेबाचा किंवा जुन्या बॅटरीचा मामला आहे.
- कॉम्प्युटर चालू राहतो, राउटरचे दिवेही लागलेले असतात, तरी इंटरनेट जातं. यात यूपीएसचा काहीच संबंध नसू शकतो.

माझ्या आतेबहिणीची तक्रार तिसऱ्या प्रकारातली होती. ती घरून भाषांतराचं काम करते. तिला दोन तासांचा बॅकअप हवा होता आणि तिने ६०० व्हीएचा यूपीएस घेतला होता. फोनवर म्हणाली, “दादा, अकरा मिनिटं मोजली मी. फाइल पाठवायची तेवढी राहून गेली.” तिने घड्याळ लावून मोजलं होतं, त्यामुळे माझं अर्धं काम झालं होतं. तिचाच हिशेब पुढे उदाहरण म्हणून घेतो.

पहिली तपासणी: कुठला प्लग कुठे आहे

यूपीएस फिरवून मागची बाजू बघा. बऱ्याच यूपीएसवर दोन गटांत सॉकेट असतात. एका गटाला बॅटरीचा आधार असतो. दुसऱ्या गटातून फक्त व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण मिळतं आणि वीज गेली की ती सॉकेट मरतात. मॉनिटर या दुसऱ्या गटात लागलेला असतो आणि माणूस म्हणतो यूपीएस बिघडला. कॉम्प्युटर आत चालूच असतो, दिसत मात्र काही नाही.

मग बॅटरीच्या बाजूला काय काय लोंबतं आहे ते बघा. लेझर प्रिंटर असेल तर आधी तो काढा. त्याच्या आत शाई कागदावर पक्की करणारा एक तापणारा रोलर असतो आणि तो तापताना काहीशे वॉटपासून हजार वॉटच्या वरपर्यंत ओढतो. घरगुती यूपीएस तेवढ्यानेच ओव्हरलोड होऊन बंद पडतो. टेबलफॅन, अँप्लिफायरवाले स्पीकर, दुसरा मॉनिटर, मोबाइलचे चार्जर हेही वीज नसताना लागत नसतील तर भिंतीच्या सॉकेटवर न्या.

आतेबहिणीकडे दुसरा मॉनिटर, स्पीकर आणि चार्जर मिळून ३८ वॉट फुकटचे जात होते.

दुसरी तपासणी: एकदा पूर्ण चार्ज करून मग मोजा

छोट्या यूपीएसचा चार्जर मुद्दामच मंद असतो. रिकामी झालेली बॅटरी भरायला त्याला साधारण सहा ते आठ तास लागतात. दुपारी वीज गेली, बॅटरी संपली, संध्याकाळी परत गेली, तर दुसऱ्या खेपेला निम्माही वेळ मिळणार नाही. तो बिघाड नव्हे. नवा यूपीएस खोक्यातून काढून लगेच तपासला तरी हेच होतं.

म्हणून एक रात्रभर चार्ज होऊ द्या. सकाळी सगळी कामं सेव्ह करा, रोजचे प्रोग्रॅम उघडे ठेवा, यूपीएसला येणारी वीज भिंतीवरच्या बटणाने बंद करा आणि घड्याळ लावा. पडद्यावर किंवा यूपीएसच्या डिस्प्लेवर दिसणारी मिनिटं हा अंदाज असतो, तो पटकन खाली कोसळतो. घड्याळावर विश्वास ठेवा. ही चाचणी दर आठवड्याला करू नका. पूर्ण रिकामं होणं या बॅटरीला मानवत नाही, चार-सहा महिन्यांतून एकदा पुरे.

तिसरी तपासणी: खरा लोड किती

इथे बहुतेक जण कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवरचा आकडा घेतात. ४५० वॉट लिहिलं असेल तर ४५० धरतात आणि घाबरून भलामोठा यूपीएस आणतात. तो आकडा पॉवर सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो एवढंच सांगतो. लिहिणं, हिशेब, व्हिडिओ कॉल अशा कामात साधा डेस्कटॉप साठ ते शंभर वॉट ओढतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल आणि त्याच्यावर काम पडत असेल तर मात्र तीनशेच्याही वर जाऊ शकतो. अंदाजात एवढा फरक पडतो म्हणून मोजणंच बरं.

मोजायला प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. कुणाकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालतं. एकेक वस्तू वेगळी मोजा आणि कॉम्प्युटर मोजताना नेहमीचं काम करत राहा, नुसता डेस्कटॉप समोर ठेवून मोजू नका. तिच्याकडे आकडे आले ते असे: कॉम्प्युटर ८५ वॉट, मॉनिटर २२, राउटर ९, फायबरचं इंटरनेट घरात आणणारा डबा ६. एकूण १२२ वॉट. आधीचे जास्तीचे ३८ धरले तर १६०.

आता यूपीएसवरचे दोन आकडे बघा. ६०० व्हीए मोठ्या अक्षरात असतं आणि वॉटचा आकडा मागच्या लेबलवर बारीक अक्षरात, बहुतेक ३६०. आपल्या कामाचा आकडा वॉटचा. लोड त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, म्हणजे कॉम्प्युटर अचानक जास्त ओढू लागला तरी यूपीएस तग धरतो. १२२ वॉट हा ३६०च्या जेमतेम तिसरा हिस्सा. तेव्हा ताकदीचा प्रश्न नव्हता.

आणि गाडं अडतं ते नेमकं इथे. व्हीए आणि वॉट हे दोन्ही आकडे एका वेळी किती लोड उचलता येईल ते सांगतात. किती वेळ उचलता येईल याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. टाकीचा नळ किती रुंद आहे हे कळलं म्हणून टाकीत पाणी किती आहे ते कळत नाही. व्हीए जास्त असलेल्या यूपीएसमध्येही तेवढीच बॅटरी असू शकते.

चौथी तपासणी: वेळेचा हिशेब

टाकी म्हणजे बॅटरी. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास छापलेले असतात. यूपीएस न उघडताही हे आकडे माहितीपत्रकात मिळतात.

```
वॉट-तास = व्होल्ट × अँपिअर-तास × बॅटरींची संख्या
```

६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक सीलबंद बॅटरी असते. म्हणजे ८४ वॉट-तास. ८४ भागिले १२२ केलं की एकेचाळीस मिनिटं येतात. लोक इथेच थांबतात आणि फसतात. या आकड्याला अजून दोन कात्र्या लागायच्या आहेत.

पहिली कात्री यूपीएसची स्वतःची. बॅटरीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करताना साधारण वीस टक्के उष्णतेत जातात. कॉम्प्युटर-राउटर १२२ वॉट घेतात तेव्हा बॅटरीतून सुमारे १५२ वॉट निघतात.

दुसरी कात्री मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बॅटरीवरचे ७ अँपिअर-तास हे ती वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतात, म्हणजे अवघ्या ०.३५ अँपिअरने. आपण तिच्यातून तेरा अँपिअर खेचतो. शिशाच्या बॅटरीतून जितकं घाईने काढाल तितकं कमी निघतं. आतली रासायनिक क्रिया पट्ट्यांच्या पृष्ठभागावरच होत राहते, आतल्या भागापर्यंत पोचायला तिला वेळ मिळत नाही आणि व्होल्टेज लवकर खाली येऊन यूपीएस बंद होतो. सात अँपिअर-तासांच्या चांगल्या नव्या बॅटरीसाठी मी असे हिस्से धरतो: पंधरा-वीस मिनिटांत संपवायची असेल तर छापील क्षमतेच्या निम्मे, एका तासात सुमारे साठ टक्के, दोन तासांत सत्तर टक्क्यांच्या आसपास, पाच तासांत पंच्याऐंशी.

आता ८४चे निम्मे ४२ वॉट-तास. १५२ने भागले तर सतरा मिनिटं. आधीच्या १६० वॉटला बॅटरीतून २०० वॉट जात होते आणि तिथे दहा-अकरा मिनिटंच मिळणार होती. तिने मोजलेली अकरा मिनिटं तंतोतंत जुळली. यूपीएसचा काही दोष नव्हता. जास्तीच्या वस्तू काढल्यावर आम्ही परत घड्याळ लावलं, तेव्हा सतरा मिनिटं मिळाली.

मग दोन तासांचं काय? उलटा हिशेब करू. १२२ वॉट दोन तास म्हणजे २४४ वॉट-तास. यूपीएसची तूट धरून बॅटरीतून ३०५ निघायला हवेत. दोन तासांच्या वेगाने सत्तर टक्के मिळणार, म्हणजे छापील ४३६. बॅटरी जुनी होत जाते, तिची क्षमता ऐंशी टक्क्यांवर आली तरी दोन तास हवेत, म्हणून ०.८ने भागायचं: ५४५ वॉट-तास. तिच्या यूपीएसमध्ये होते ८४. तसल्या सात बॅटऱ्या लागल्या असत्या.

हा आकडा कागदावर दिसला की माझा सल्ला बहुतेक वेळा एकच असतो. कॉम्प्युटर आणि राउटर यांना एकाच तराजूत तोलू नका. पूर्ण कॉम्प्युटर दोन तास चालवायची खरी गरज आहे का, हे आधी विचारा. ज्याला वीज नसताना दोन तास काम करायचंच आहे त्याला लॅपटॉप परवडतो, कारण तो पंधरा-पंचवीस वॉटवर तेच काम करतो आणि बॅटरी स्वतःबरोबर घेऊनच येतो. डेस्कटॉपला हवी असतात ती पंधरा मिनिटं: सेव्ह करायला, पाठवायला, नीट बंद करायला. दोन तास हवे असतात ते राउटरला.

राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५ वॉट, दोन तासांचे ३० वॉट-तास. यांना अडॅप्टरऐवजी थेट डीसी देणारा लिथियमचा छोटा यूपीएस लावला तर तूट दहा टक्क्यांच्या आसपास राहते. तूट आणि बॅटरीचं म्हातारपण दोन्ही धरून ४२ वॉट-तास पुरतात. घेताना एका गोष्टीकडे डोळ्यात तेल घालून बघा. खोक्यावर मिलिअँपिअर-तासांचा मोठा आकडा असतो आणि तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर येणाऱ्या १२ व्होल्टचा नाही. ४२ भागिले ३.७ म्हणजे सुमारे ११,३०० मिलिअँपिअर-तास. १२ व्होल्टने गुणून ४,००० चालतील असं समजलात तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांतच राउटर बंद पडेल. व्होल्टेज अडॅप्टरवर लिहिलं असेल तेच हवं. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट देऊ नका. पिनेच्या आतल्या बाजूला अधिक आहे की उणे, ते दाखवणारी छोटी खूण दोन्हीकडे सारखी आहे ना तेही पडताळा.

राउटर असा वेगळा काढल्यावर यूपीएसवर उरले १०७ वॉट आणि वेळ मिळाला वीस मिनिटं. बॅटरी थकली तरी पंधराच्या आसपास राहील. नवा यूपीएस घ्यावाच लागला नाही.

त्याच यूपीएसवर कॉम्प्युटर बंद करून फक्त राउटर चालवायचा विचार काही जण करतात. तेही जमतं, दोन तासांच्या आसपास मिळतात. पण काही यूपीएस फारच कमी लोड दिसला तर ‘इथे कुणी नाही’ असं समजून स्वतःच बंद होतात. बॅटरी भरलेली असूनही काही मिनिटांत राउटर बंद पडत असेल तर हेच कारण असेल. माहितीपुस्तिकेत ही सोय बंद करता येते का ते बघा.

पाचवी तपासणी: राउटर चालू, तरी इंटरनेट नाही

फायबरच्या डब्याचा अडॅप्टर वेगळा असतो हे विसरायला होतं. तो बॅटरीवर आहे ना बघा. असेल, तर वीज गेलेली असताना कॉम्प्युटरवर या दोन आज्ञा चालवा. राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो, तो राउटरच्या तळाशी लिहिलेला असतो.

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिलीला उत्तर येत नसेल तर घोळ घरात आहे. पहिलीला येतं आणि दुसरीला येत नाही, तर बाहेरचं कनेक्शन गेलेलं आहे. बऱ्याचदा इमारतीच्या जिन्यातल्या किंवा रस्त्यावरच्या पेटीतलं उपकरण त्याच विजेवर चालत असतं. तिथे बॅकअप नसेल तर तुमच्या घरात कितीही मोठी बॅटरी लावून उपयोग नाही. इंटरनेट पुरवणाऱ्याला विचारा आणि तोवर मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी ठेवा. हे मोठा यूपीएस घेण्याआधी तपासलेलं बरं.

सहावी तपासणी: फक्त कॉम्प्युटरच रीस्टार्ट होतो

साधा यूपीएस वीज गेल्यावर बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. चांगला पॉवर सप्लाय तेवढा काळ आपल्या कपॅसिटरवर सहज काढतो. जुन्या सप्लायचे कपॅसिटर थकलेले असतात, त्याला ते जमत नाही. दुसरी शक्यता लहरीची. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यांसारखी लहर देतात आणि अॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज सुरळीत ओढणारं सर्किट, असलेले काही नवे पॉवर सप्लाय तिच्यावर बिथरतात. शक्य असेल तर तोच कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाच्या शुद्ध साइन लहरीच्या यूपीएसवर लावून बघा. तिथे नीट चालला तर यूपीएस बदलायचा. तिथेही रीस्टार्ट झाला तर आधी पॉवर सप्लाय तपासून घ्या.

सातवी तपासणी: बॅटरी जुनी झाली आहे का

पूर्वी वीस मिनिटं मिळायची आणि आता तीन मिळतात, लोड तोच, चार्जही पूर्ण, तर बॅटरी गेली. या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षं चालतात. उष्णतेने आयुष्य झपाट्याने घटतं; तापमान आठ-दहा अंशांनी वाढलेलं राहिलं तर ते जवळपास निम्मं होतं. यूपीएस टेबलाखालच्या बंद कप्प्यात, कॉम्प्युटरच्या गरम हवेसमोर ठेवू नका.

ज्या यूपीएसची बॅटरी खालच्या झाकणातून वापरणाऱ्याने बदलावी अशीच रचना आहे, त्याची बॅटरी घरी बदलता येते. यूपीएस बंद करा, प्लग भिंतीतून काढा, मग झाकण. आधी वायरींचा फोटो काढा. लाल लालला, काळी काळीला. व्होल्ट, अँपिअर-तास आणि आकार तोच ठेवा. आत दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदम बदला. एक जुनी ठेवली तर ती नवीलाही घेऊन बुडते. वायरीचं टोक बॅटरीच्या पट्टीवर घट्ट बसलं पाहिजे. सैल बसलं तर तेरा अँपिअरला तिथेच तापतं आणि नवी बॅटरीही लवकर गेल्यासारखी वाटते. नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. बॅटरी विकणारे परत घेतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बॅटरी फुगलेली असेल, पाझरत असेल, कुजक्या अंड्यासारखा किंवा जळका वास येत असेल तर काहीही तपासत बसू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, खिडक्या उघडा, फुगलेली बॅटरी कप्प्यात अडकली असेल तर पेचकसाने उचकटू नका.

यूपीएसवर वायरिंग किंवा अर्थिंगचा दिवा लागत असेल तर तो दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे. ते काम इलेक्ट्रिशियनचं. तोवर अर्थिंगची पिन मोडून किंवा एकापुढे एक एक्स्टेन्शन लावून वेळ मारून नेऊ नका.

ज्या यूपीएसची बॅटरी काढायला पूर्ण खोकं उघडावं लागतं तो घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

आणि एक युक्ती मला दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं: छोट्या यूपीएसला गाडीची मोठी बॅटरी जोडली तर? जोडू नका. त्यातला ट्रान्सफॉर्मर पंधरा-वीस मिनिटं तापायच्या बेताने बनवलेला असतो, दोन तास चालवला तर जळतो. चार्जर इतका छोटा असतो की मोठी बॅटरी भरायला दोन-दोन दिवस लागतात. शिवाय गाडीची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि बंद खोलीत तो साठतो. वर काढले तसे पाचशे वॉट-तास खरोखरच हवे असतील, तर बाहेरच्या बॅटऱ्यांसाठीच बनवलेला यूपीएस किंवा इन्व्हर्टर घ्या. त्याची जोडणी, वायरीची जाडी आणि बॅटरीजवळचा फ्यूज इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. त्याला सांगताना ‘६०० व्हीए’ सांगू नका. ‘१२२ वॉट, दोन तास, बॅटरी जुनी झाल्यावरही’ असं सांगा.